hjkl म्हणजे काय? नव्याने स्मार्टफोन हाती घेतलेल्या माणसाला हे कसं समजवावं

सकाळी सातच्या आत आत्याचा फोन आला. "बाळा, घरी येऊन जा जरा. पोराचा मेसेज आलाय रात्री. मला काय धड वाटंना." आमची घरं एकाच गल्लीत, सातारा जिल्ह्यातलं गाव. मी चहा तसाच ठेवून गेले.

आत्याला स्मार्टफोन येऊन जेमतेम दीड महिना झाला होता. मुलगा पुण्याला, कंपनीत. त्यानेच फोन घेऊन दिला, व्हॉट्सअ‍ॅप घालून दिलं आणि तो परत गेला. रात्री ११:४० ला त्याच्या नंबरवरून चार अक्षरं आली होती: hjkl. पुढे-मागे काही नाही.

आत्या सातवीपर्यंत शिकलेली आहे, तिला एबीसीडी येते. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने ती अक्षरं उतरवून काढली होती. एच, मग मोकळी जागा, मग जे, के, एल. त्या मोकळ्या जागेत तिने गोल करून ठेवला होता. "ओळीनं हायत बघ सगळी. मधला आय तेवढा गाळलाय. आय गाळली त्यानं." आमच्या भागात आईला आय म्हणतात. यात्रेला येण्यावरून दोघांत चार दिवसांपूर्वी जरा बोलाचाली झाली होती, त्यामुळे तिने रात्रभर याचा जो अर्थ लावला तो तिच्या दृष्टीने अगदी सरळ होता.

"अगं आत्या, काही नाही ते, सोडून दे" असं माझ्या तोंडात आलं होतं, पण मी बोलले नाही. ते बोलणं बरोबर असतं तरी उपयोगाचं नसतं. जिने रात्र जागून अर्थ शोधलाय तिला "त्यात काही नाही" म्हटलं की तिला वाटतं, हिला कळलेलं नाही, किंवा कळलंय पण सांगायचं नाही. तिला स्वतःच्या बोटाने ते दिसावं लागतं. त्या सकाळी मी जे केलं आणि नंतर आमच्या वाचनालयात रविवारी फोन शिकायला येणाऱ्या आजी-आजोबांबरोबर जे पुन्हा पुन्हा केलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. अर्धा तास हाताशी ठेवा. घाईत हे होत नाही.

आधी ऐकून घ्या: समोरचा माणूस काय धरून चाललाय

आत्याच्या पिढीने पोस्टकार्डं लिहिली. पत्रातलं प्रत्येक अक्षर कुणीतरी बसून, ठरवून लिहिलेलं असायचं. चुकून पत्र लिहिलं गेलं, चुकून त्यावर पत्ता पडला आणि चुकून ते पेटीत गेलं, असं कधी होत नाही. त्यामुळे लिहिलेलं आलं म्हणजे कुणीतरी लिहिलं, आणि लिहिलं म्हणजे काही सांगायचं होतं, हे तिच्या मनात पक्कं आहे. कागदापुरतं ते खरंही आहे.

दुसरं म्हणजे मिस कॉल. साध्या फोनच्या काळात आपण सगळ्यांनी मिस कॉलची भाषा वापरली आहे. "एसटीत बसलो की एक मिस कॉल, पोचलो की दोन." न बोलता अर्थ पोचायचा. ज्याने दहा वर्षं अशा खुणा ओळखल्या त्याला चार अक्षरांतही खूण दिसणारच. ती चूक नाही, ती सवय आहे.

मिस कॉलपासूनच सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण उत्तर त्यातच आहे. मी आत्याला विचारलं, "दोन मिस कॉल म्हणजे पोचलो, हे तुला कसं कळायचं?" ती म्हणाली, "निघतानाच ठरायचं की." मग मी विचारलं, "आणि तिसऱ्याच कुणाचा दोनदा मिस कॉल आला तर?" "मग काय, लागला असंल चुकून."

हे तिचं वाक्य मी धरून ठेवलं. खुणेला अर्थ असतो तो आधी ठरलेला असतो म्हणून. मुलाबरोबर hjkl चं काही ठरलं होतं का? नव्हतं. हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न अक्षरांचा: ही अक्षरं कुणी निवडली का? त्यासाठी कीबोर्ड बघावा लागतो.

कीबोर्ड कागदावर काढा

फोन बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर फोनमधल्यासारख्या तीन ओळी मोठ्या अक्षरांत लिहा. पूर्ण वहीचं पान वापरा, अक्षरं बोटाच्या पेराएवढी तरी असू द्या.

```
q w e r t y u i o p
 a s d f g h j k l
  z x c v b n m
```

फोनवरच का दाखवत नाही? कारण फोनवर ही अक्षरं इतकी लहान आणि चिकटून असतात की एकेका अक्षराची रुंदी अंगठ्याच्या निम्मीही भरत नाही. शिवाय नव्या माणसाचं बोट दाखवता दाखवता लागतं, कीबोर्ड जातो, दुसरंच काही उघडतं आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे जातं.

आता मेसेजमधली अक्षरं त्यांनाच कागदावर शोधायला सांगा आणि पेन्सिल न उचलता जोडायला सांगा. आत्याने h वर पेन्सिल टेकवली, मग j, मग k, मग l. एक आडवी सरळ रेघ झाली. मधल्या ओळीचं उजवं टोक.

मग तिच्या मुलाचा खरा मेसेज घ्या. आदल्या आठवड्यात त्याने इंग्रजी अक्षरांत विचारलं होतं, jevlis ka. तिला jevlis जोडायला सांगितलं. j वरून वर e कडे, तिथून खाली v, तिथून उजवीकडे l, वर i, आणि परत डावीकडे s. कागदभर वेडीवाकडी रेघ. दोन्ही रेघा शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली. "हे बोट फिरलंय," ती jevlis वर टिचकी मारत म्हणाली, "आणि हे घसरलंय."

मला वाटतं, समजण्याची खरी जागा हीच. यापुढचं सगळं हे पक्कं करण्यासाठी आहे.

गाळलेल्या आयचं उत्तर द्या

आत्याची शंका अजून राहिली होती. अक्षरं घसरून आली, मान्य. पण मग ती एबीसीडीच्या ओळीने कशी? आणि त्यातून आयच नेमका कसा गेला? हा प्रश्न टाळू नका. तो हुशारीचा प्रश्न आहे आणि त्याला खरं उत्तर आहे.

फोनवरची ही मांडणी टाइपरायटरपासून आलेली आहे. अमेरिकेत मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स आणि त्याच्या सोबत्यांनी टाइपरायटर बनवला आणि १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने तो बाजारात आणला. सुरुवातीच्या यंत्रांत अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने होती. पुढे मांडणी बदलत गेली, पण मधल्या ओळीत जुन्या क्रमाची खूण राहून गेली. कागदावर बघा: d f g h j k l. एबीसीडीच्या ओळीतून e आणि i तेवढे नाहीत. ते दोन्ही वरच्या ओळीत गेले आहेत.

म्हणजे i काढला तो दीडशे वर्षांपूर्वी, यंत्र बनवणाऱ्यांनी. आत्याला मी वरच्या ओळीतला i दाखवला. u आणि o च्या मधोमध तो बसलेला आहे. तिच्या पोराने तो गाळलेला नाही. त्याचा अंगठा ज्या ओळीवर होता तिथे तो नव्हताच.

याचबरोबर आणखी एक गोष्ट दाखवता येते. वरच्या ओळीत e, u, i, o आहेत. मधल्या ओळीत स्वर एकच, a, आणि तोही अगदी डाव्या टोकाला. खालच्या ओळीत एकही नाही. त्यामुळे उजवा अंगठा मधल्या ओळीवर घसरला तर स्वर येतच नाही, आणि स्वर नसला की ते तोंडाने म्हणता येत नाही. आत्याला म्हटलं, म्हणून बघ. "ह्ज्क्ल," ती एकदा म्हणाली आणि थांबली.

आता फोनवर, पण स्वतःलाच मेसेज पाठवून

कागदावरचं पटल्यावर तेच हाताने करायला लावायचं. पण मुलाच्या चॅटमध्ये नको, नाहीतर त्याला उलट चार अक्षरं जायची आणि तो कामावरून घाबरून फोन करायचा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःला मेसेज करता येतो. नवीन चॅट सुरू करायचं बटण दाबलं की जी नावांची यादी येते तिच्यात वरच्या बाजूला आपलं स्वतःचं नाव असतं आणि त्याच्याखाली Message yourself असं लिहिलेलं असतं. ते उघडा. हे चॅट पुढेही सरावासाठी फार उपयोगी पडतं, कारण इथे काहीही लिहिलं तरी दुसऱ्या कुणाला जात नाही.

कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा. मराठीवर असेल तर पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह असलेलं बटण दाबून बदला. मग त्यांना डोळे मिटायला सांगा, फोन उजव्या हातात धरायला सांगा आणि अंगठा मधल्या ओळीच्या उजव्या बाजूला चार-पाच वेळा टेकवून उचलायला सांगा. टेकवून उचलायचं, घासायचं नाही. हा फरक मी पहिल्यांदा सांगितला नव्हता आणि त्यामुळे सगळा घोळ झाला. बऱ्याच कीबोर्डमध्ये बोट न उचलता अक्षरांवरून फिरवून शब्द लिहायची सोय चालू असते. तसं बोट घासलं की कीबोर्ड अंदाज बांधून एखादा खराखुरा इंग्रजी शब्दच उमटवतो. आत्याचा तसा शब्द उमटला आणि ती म्हणाली, "बघ, अर्थ हाय की त्याला." दोन पावलं मागे जावं लागलं.

नीट केलं की पडद्यावर jkl, hjk, kjlk असं काहीतरी येतं. त्यांच्याच हातून आलेलं असतं. आता विचारा, "तुम्हाला काय म्हणायचं होतं?" आत्या पडद्याकडे बघून म्हणाली, "कायबी नाय. मी तर डोळं मिटलं होतं."

मग पाठवण्याचं बटण दाखवा. लिहायच्या चौकटीच्या उजव्या टोकाला, कीबोर्डच्या लगेच वर, बाणाचं गोल बटण असतं. l हे अक्षरही उजव्याच टोकाला. म्हणजे उजव्या हातात फोन धरणाऱ्या माणसाचा अंगठा जिथे विसावतो तिथेच ही अक्षरं आणि तिथून थोड्याच अंतरावर पाठवायचं बटण. पोस्टकार्डाच्या बाबतीत लिहिणं, पत्ता घालणं आणि पेटीत टाकणं या तीन वेगळ्या गोष्टी होत्या. इथे चॅट उघडं असेल तर पत्ता आधीच घातलेला असतो आणि उरलेली दोन कामं एकाच अंगठ्याखाली असतात.

हा मेसेज त्यांनाच काढून टाकायला लावा. मेसेजवर बोट दाबून धरायचं, वरचं कचरापेटीचं चिन्ह दाबायचं. पाठवलेलं काढता येतं हे हाताला कळलं की निम्मी धास्ती जाते. मुलाच्या चॅटमध्ये तिथेच Delete for everyone असा पर्याय दिसतो. पाठवल्यावर साधारण दोन दिवसांपर्यंत तो मिळतो, पण समोरच्याला मेसेज काढल्याची खूण दिसते आणि त्याने तो आधी वाचलेला असू शकतो. हेही त्याच वेळी सांगून टाकावं, नाहीतर त्या खुणेवरून नवी रात्र जागून निघते.

मग gm ला अर्थ कसा?

हा प्रश्न हमखास येतो आणि यायलाच हवा. आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी gm येतं. त्यातही स्वर नाही. तेही तोंडाने म्हणता येत नाही. मग ते चालतं आणि हे का चालत नाही?

इथे परत मिस कॉलवर या. gm हे गुड मॉर्निंगचं आहे असं सगळ्यांत ठरलेलं आहे. तसंच gn, ok, hbd. कागदावर gm जोडून बघितलं तर g मधल्या ओळीत आणि m खालच्या ओळीत. मध्ये उडी आहे. कुणीतरी आधी एक अक्षर शोधलं आणि मग दुसरं.

पण शेजारशेजारची अक्षरं म्हणजे चुकूनच लागलेली, असा नियम मात्र करून देऊ नका. r आणि e शेजारी आहेत, आणि ये रे मधला re तसाच लिहितात. t आणि r शेजारी आहेत, आणि मुलं तर हा शब्द tr असा उरकतात. दोन अक्षरांवरून काही ठरत नाही. तीन, चार, पाच अक्षरं एका रेघेत आली, तोंडाने म्हणता आली नाहीत, आणि आधीच्या बोलण्याशी त्यांचा धागा जुळला नाही, तरच ती हाताची घसरण समजावी. आधीचं बोलणं बघायची सवय लावणं मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं. आत्याला मी चॅट वर सरकवून दाखवलं. त्याच्या आधीचा मेसेज रात्री नऊचा, तिचाच, "गोळी घेतली". त्याला hjkl हे उत्तर कसं होईल?

मराठी कीबोर्डवर हीच चूक ओळखायला अवघड जाते, म्हणून तेही दाखवते. संगणकावर सरकारी इनस्क्रिप्ट मांडणी वापरणाऱ्यांच्या कीबोर्डवर h च्या जागी प, j च्या जागी र, k च्या जागी क आणि l च्या जागी त असतो. तिथे हाच हात घसरला तर उमटेल परकत. ते तोंडाने म्हणता येतं आणि परत, बरकत अशा ओळखीच्या शब्दांच्या जवळ जातं. वाचणारा अर्धा तास त्यात डोकं घालील. फोनवरच्या मराठी कीबोर्डांच्या मांडण्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे तिथे काय उमटेल ते फोनगणिक बदलतं. मराठीत आलेल्या विचित्र शब्दासाठी म्हणूनच रेघेची परीक्षा पुरत नाही. तिथे आधीचं बोलणं बघणं आणि सरळ विचारणं, एवढंच हातात असतं.

आणि घरात कुणी संगणक शिकणारं असेल तर ते मध्येच म्हणेल की hjkl ला अर्थ आहे. त्याचंही खरं आहे. vi नावाचा, संगणकावर मजकूर लिहायचा एक जुना प्रोग्राम आहे, बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला. त्यात h ने डावीकडे, j ने खाली, k ने वर आणि l ने उजवीकडे जाता येतं, कारण ते ज्या यंत्रावर काम करत होते त्याच्या याच चार बटणांवर बाण छापलेले होते. पण तो अर्थ त्या प्रोग्रामपुरता ठरलेला आहे. आई-मुलाच्या चॅटमध्ये तसं काही ठरलेलं नाही. नव्या माणसाला हे सांगायची गरज नाही. त्या शिकणाऱ्या पोराला मात्र बाजूला घेऊन सांगावं, नाहीतर आपली सगळी मेहनत त्याच्या एका वाक्यात पाण्यात जाते.

विचारायचं कसं, आणि कधी थांबायचं नाही

अक्षरांना अर्थ नाही हे कळलं तरी एक गोष्ट उरते: फोनला कुणाचा तरी हात लागला होता. बहुतेक वेळा तो झोपेतला हात असतो, लहान मुलाचा असतो, किंवा नवा कीबोर्ड चालतो का ते बघणाऱ्याचा असतो. खिशातला फोन सहसा असं करत नाही, कारण हा पडदा कातडीचा स्पर्श ओळखतो, कोरड्या कापडाचा नाही. घामाने ओलं झालेलं कापड मात्र कधी कधी त्याला फसवतं.

आत्याला मी एक वाक्य लिहून दिलं, जे कुणालाही पाठवता येतं: "चुकून बोट लागलं का?" एवढंच. "हे काय लिहिलंस", "माझं काय चुकलं" असं काही नाही. तिने ते आठ वाजता स्वतः पाठवलं. वीस मिनिटांनी मुलाचा फोन आला. रात्री तिला लिहायला म्हणून त्याने चॅट उघडलं होतं आणि हातात फोन घेऊनच त्याला झोप लागली. मेसेज गेलाय हे त्याला सकाळी तिचा मेसेज बघेपर्यंत माहीत नव्हतं. काय लिहिणार होतास, असं तिने विचारलं. "यात्रेला शनिवारी रात्रीच निघतो म्हणून लिहीत होतो," तो म्हणाला.

अनोळखी नंबरवरून अशी अक्षरं आली तर उत्तर द्यायचं नाही. नुसत्या अक्षरांनी फोनला काही होत नाही. निळ्या अक्षरांतली लिंक किंवा एखादी फाइल असेल तरच धोका, आणि ती उघडायची नाही. उत्तर दिलं तर नंबर चालू आहे एवढं समोरच्याला कळतं. तो नंबर ब्लॉक करायचा आणि चॅट काढून टाकायचं.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. एरवी नीट लिहिणारा माणूस, विशेषतः वयस्कर किंवा रक्तदाबाचा, मधुमेहाचा, तुम्ही विचारल्यावरही पुन्हा पुन्हा असंच काहीतरी लिहीत राहिला, तर ते चुकून लागलेलं बोट समजून सोडून देऊ नका. लगेच फोन करून आवाज ऐका. पक्षाघाताच्या झटक्यात लिहिणं अचानक बिघडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. बोलणं अडखळतंय, तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात वर होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा आणि हे कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. शेवटचा नीट मेसेज किती वाजता आला ते चॅटमध्ये दिसतं, ते डॉक्टरांना सांगा. झटक्यावरची काही औषधं ठरावीक तासांतच देता येतात.

परत होऊ नये म्हणून तीन बदल

हे दोन्ही बाजूंच्या फोनवर करावेत. आत्याच्या फोनवर तर आधी, कारण आता तिचाही हात लागणार.

पडदा आपोआप बंद व्हायची वेळ सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या खाली असते. नव्या माणसाला वाचायला वेळ लागतो म्हणून घरचे ती पाच किंवा दहा मिनिटांवर नेऊन ठेवतात. मग हातातून फोन निसटला तरी चॅट दहा मिनिटं उघडं राहतं. मी एक मिनिट ठेवते. तीस सेकंद त्यांना कमी पडतात, वाक्य वाचता वाचता पडदा विझतो आणि ते वैतागतात.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये Chats च्या आत Enter is send असा एक खटका असतो. तो चालू असेल तर कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एंटरचं बटण दाबताच मेसेज जातो. बंद असेल तर नुसती खालची ओळ सुरू होते. नवीन माणसाच्या फोनवर तो बंदच हवा. आत्याचा चालू होता, कुणी केला देव जाणे.

तिसरं हाताच्या सवयीचं आहे. बोलणं झालं की बाजूचं बटण दाबून पडदा बंद करायचा, मगच फोन खाली ठेवायचा. आत्याला मी म्हटलं, चूल विझवल्याशिवाय झोपतेस का तू? तेव्हापासून ती बटण दाबते, पडदा काळा झाला का ते बघते आणि मग फोन देव्हाऱ्याशेजारी उपडा ठेवते. ते कॅलेंडरचं पान तिने फाडलेलं नाही. गोल केलेल्या जागेत तिने नंतर वरच्या ओळीकडे जाणारा एक बाण काढलाय.